पाया बर्फाचा

पुसदच्या शिवारात पिकणाऱ्या तूर आणि ज्वारी या दोन्ही पिकांच्या वाणांचे नमुने आज उत्तर ध्रुवापासून जेमतेम तेराशे किलोमीटरवर, एका डोंगराच्या पोटात बंद पाकिटांत पडून आहेत. नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड बेटांवर लाँगयिअरब्येन नावाचे छोटे गाव आहे. त्याच्या शेजारच्या डोंगरात शंभर मीटरहून लांब बोगदा खणून २६ फेब्रुवारी २००८ रोजी जगाचे बियाणे कोठार उघडले गेले. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या 'इक्रिसॅट' संस्थेने ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर आणि भुईमुगाचे हजारो वाण तिथे ठेवले आहेत. आपल्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोनेही २०१४ साली तुरीचे बियाणे तिथे पाठवले.

जागा निवडण्यामागचे गणित साधे होते. कोठारातले तापमान यंत्रांनी उणे १८ अंशांवर ठेवायचे. वीज गेली, यंत्रे बंद पडली, तरी भोवतीचा खडक स्वतःच उणे तीन-चार अंशांवर गोठलेला असल्यामुळे बियाणे बराच काळ गारच राहील. माणूस चुकला तरी डोंगर चुकणार नाही, असा तो हिशेब होता.

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे हिमवर्षाव व्हायला हवा होता, तेव्हा पाऊस पडला. पाणी कोठाराच्या प्रवेश-बोगद्यात शिरले, थोडे आत गेले आणि गोठून बर्फ झाले. बियाण्याला धक्का लागला नाही. ही बातमी पुढच्या मे महिन्यात जगभर गेली आणि 'प्रलयातही टिकणारे कोठार' वगैरे मथळ्यांची बरीच थट्टा झाली. पण पाणी शिरण्यामागचे कारण थट्टेपेक्षा महत्त्वाचे होते. बोगदा खणताना दाराजवळची गोठलेली जमीन उकरली गेली होती. काम संपल्यावर ती पुन्हा आपोआप गोठेल आणि बोगद्याभोवती घट्ट बसेल, असे बांधणाऱ्यांनी गृहीत धरले होते. ती गोठलीच नाही. दाराजवळ थोडेफार पाणी तर सुरुवातीपासून दर वसंतात शिरत होते. त्या पावसाळी ऑक्टोबरने ते सगळ्यांच्या नजरेस आणले, एवढेच.

गोठलेल्या जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येक घराची, रस्त्याची आणि नळाची गोष्ट या एका गृहीतकापाशी येऊन थांबते. तिथली जमीन पक्की असते ती तापमानामुळे. तापमान बदलले की तीच माती, त्याच जागी, वेगळीच वस्तू होऊन बसते.

एकशे सोळा मीटरची कोरडी विहीर

सैबेरियातल्या याकुत्स्क शहरात फ्योदर शेर्गिन नावाच्या व्यापारी कंपनीच्या कारभाऱ्याने १८२८ मध्ये पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. माती दगडासारखी गोठलेली होती, पण खाली कुठेतरी पाणी लागेलच या आशेने खोदकाम सुरू राहिले. १८३७ पर्यंत विहीर ११६ मीटर खोल गेली आणि तळाशीही माती गोठलेलीच निघाली. पाणी लागले नाही, पण विज्ञानाला एक खिडकी मिळाली. १८४० च्या दशकात मिडेनडॉर्फ या संशोधकाने त्या विहिरीच्या भिंतींत वेगवेगळ्या खोलीवर तापमापक बसवून खालच्या थंडीचा पहिला नीट आलेख मिळवला.

सलग किमान दोन वर्षे शून्य अंशाच्या वर न गेलेल्या जमिनीला शास्त्रज्ञ 'पर्माफ्रॉस्ट' म्हणतात. उत्तर गोलार्धातल्या जमिनीपैकी सुमारे १५ टक्के भागाखाली ती आहे. रशिया, कॅनडा आणि अलास्कात तिचा मोठा हिस्सा आहे, तिबेटच्या पठारावर आणि हिमालयाच्या उंच भागांतही ती आहे. स्वालबार्डच्या दऱ्यांमध्ये ती शंभरेक मीटर खोल जाते, डोंगरांत त्याच्या कितीतरी पट. वरून हवेची थंडी खाली उतरते आणि पृथ्वीच्या पोटातली उष्णता वर येते. या दोघींची बरोबरी जिथे होते, तिथे पर्माफ्रॉस्टचा तळ असतो.

या व्याख्येत बर्फाचा उल्लेख नाही, आणि पुढची सगळी भानगड तिथेच आहे. अखंड कोरडा खडक उणे पाच अंशांवर असला तर तोही पर्माफ्रॉस्टच. तो उद्या अधिक दोन अंशांवर गेला तरी त्यावरच्या घराला फारसे काही होणार नाही. पण गाळाची बारीक माती गोठते तेव्हा ती खालून पाणी ओढून घेते. ते पाणी चकत्यांसारख्या थरांत गोठत जाते. असे हजारो वर्षे चालले की मातीच्या कणांमधल्या पोकळीत मावेल त्यापेक्षा कितीतरी जास्त बर्फ जमिनीत साठतो. अभियंत्यांना भीती वाटते ती या जादा बर्फाची.

एक हिशेब करून पाहू. एका इमारतीच्या एका कोपऱ्याखाली तीन मीटर जाडीच्या थरात ४० टक्के जादा बर्फ आहे. तो सगळा वितळून पाणी निघून गेले तर तो कोपरा सुमारे १२० सेंटिमीटर खाली जाईल. दुसऱ्या कोपऱ्याखाली जादा बर्फ फक्त ५ टक्के असेल तर तिथली जमीन पंधरा सेंटिमीटरच बसेल. सगळी इमारत सारखी खाली गेली असती तर पायऱ्या बदलून भागले असते. एका टोकाला सव्वा मीटर आणि दुसऱ्या टोकाला वीतभर, हे मात्र कोणत्याही बांधकामाला झेपत नाही. म्हणून आर्क्टिकमध्ये किती ऊब वाढणार यापेक्षा कुठे किती बर्फ गाडलेला आहे हे आधी विचारतात, आणि ते वरून दिसत नाही.

पाऊस थोडा, चिखल फार

लाँगयिअरब्येनमध्ये वर्षाला पडणारे पाऊस-बर्फ मिळून साधारण दोनशे मिलिमीटर भरते. आपल्याकडे एवढ्या पावसात कुसळेही धड उगवणार नाहीत. तरी उन्हाळ्यात तिथल्या सपाट दऱ्या पाणथळ असतात, बूट चिखलात रुततात, जागोजागी डबकी साचतात. कारण पाण्याला खाली मुरायला वाटच नाही. अर्ध्या मीटरपासून दीड-दोन मीटरपर्यंतचा वरचा थर उन्हाळ्यात सुटतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. याला सक्रिय थर म्हणतात. त्याच्या खालची गोठलेली जमीन फरशीसारखी पाणी अडवून धरते. टुंड्रातले गवत, शेवाळ, डबक्यांवर अवलंबून असलेले पाणपक्षी आणि गवतावर जगणारे रेनडिअर, हा सगळा संसार त्या अडलेल्या पाण्यावर आणि त्या पातळ थरावर चालतो.

झाडांची मुळेही या थरातच पसरतात. खाली जायची सोय नसल्यामुळे उंच झाडाला आधार मिळणे कठीण जाते. क्रिकेटच्या बॅटीसाठी ज्याचे लाकूड वापरतात त्या विलोच्याच कुळातले एक झुडूप स्वालबार्डवर आहे. ध्रुवीय विलो म्हणतात त्याला. ते जमिनीला चिकटून वाढते, काही सेंटिमीटरच्या वर डोके काढत नाही. त्याचे खोड जमिनीतच आडवे पसरते आणि वर फक्त गोल, चकचकीत पाने आणि बोटाच्या पेराएवढे तुरे दिसतात. थंडी, वारा आणि खालची गोठलेली फरशी, तिघांशी जमवून घेतलेला हा वृक्ष आहे.

विमानातून पाहिले तर टुंड्रा मोठमोठ्या बहुकोनांनी आखलेला दिसतो. एकेक बहुकोन दहा ते तीस मीटर रुंद. कडाक्याच्या थंडीत जमीन आकसते आणि तिला काही मिलिमीटर रुंदीची भेग पडते. वसंतात बर्फाचे पाणी भेगेत शिरते आणि गोठते. पुढच्या हिवाळ्यात जमीन पुन्हा तिथेच फाटते, पुन्हा पाणी भरते. वर्षाला एक पातळ पापुद्रा, अशी हजारो वर्षे गेली की काही मीटर खोल, वर रुंद आणि खाली निमुळती होत गेलेली निव्वळ बर्फाची पाचर तयार होते. बहुकोनाची प्रत्येक कड म्हणजे खाली गाडलेली अशी एक पाचर. ती वितळली की कडेच्या जागी चर पडतात. चरांत पाणी साचते, ते पाणी उन्हाने तापून आणखी बर्फ वितळवते आणि डबक्याचे तळे होते. काही ठिकाणी उलटे घडते. चर एकमेकांना जोडले जातात, सगळे पाणी ओढ्याने निघून जाते आणि शतकानुशतके पाणथळ असलेली जागा कोरडी पडते. जमीन वितळली की टुंड्रा एका दिशेने बदलत नाही. तळे होणार की माळ, हे उतार आणि पाचरींची ठेवण ठरवते.

या गोठलेल्या मातीत जुन्या वनस्पतींचे न कुजलेले अवशेषही साठून आहेत. उत्तरेकडच्या पर्माफ्रॉस्ट प्रदेशातल्या मातीत सुमारे दीड लाख कोटी टन कार्बन आहे, म्हणजे आजच्या हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट. तो कुजू लागला की कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन बाहेर पडतात आणि हवा आणखी तापते. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. इथे लक्षात ठेवायचे ते टुंड्राच्या संसाराचे पांघरूण. उन्हाळ्यात वरचे शेवाळ वाळते आणि ऊन खाली जाऊ देत नाही. शरदात ते भिजते, गोठते आणि थंडी सहज खाली पोचवते. म्हणजे एकच शेवाळ उन्हाळ्यात दार लावून घेते आणि हिवाळ्यात उघडते. पर्माफ्रॉस्टमुळे टुंड्रा आहे, तसा टुंड्रामुळेही पर्माफ्रॉस्ट टिकतो.

हे पांघरूण काढले की काय होते, ते अमेरिकी सैन्याने १९४२ मध्ये अलास्का महामार्ग बांधताना पाहिले. आपल्याकडे रस्त्याचे काम वरची भुसभुशीत माती काढून टाकण्यापासून सुरू होते. तिथेही बुलडोझरने शेवाळ खरवडून काढले. उघडी पडलेली जमीन ऊन लागताच सुटू लागली आणि रस्त्याचा चिखल झाला, त्यात ट्रक फसले. मग उपाय उलटा निघाला: शेवाळाला हात लावायचा नाही, त्यावर ओंडके अंथरायचे आणि त्यावरून रस्ता न्यायचा. याकुतियातल्या बातागाइका इथे १९६० च्या दशकात जंगल तोडल्यावर जमीन खचायला लागली. आज तिथे सुमारे किलोमीटरभर लांबीचे खिंडार आहे आणि ते अजून वाढतेच आहे.

घर हीच शेगडी

आपल्या काळ्या मातीत घर बांधणाऱ्याला ही अडचण अर्धी तरी ओळखीची वाटेल. पुसदच्या काळ्या जमिनीत मुरूम लागेपर्यंत पाया नेला नाही तर पावसाळ्यात माती फुगून जोते उचलते, उन्हाळ्यात आकसून सोडून देते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून जिन्यासारखा तडा वर चढत जातो. गोठणारी जमीनही अशीच वागते, फक्त तिच्यात नुसत्या पाण्याच्या जागी पाणी आणि थंडी दोन्ही काम करतात. सक्रिय थर दर हिवाळ्यात गोठताना फुगतो आणि त्यात रोवलेल्या खांबाला धरून वर खेचतो. तो खांब खालच्या कायम गोठलेल्या जमिनीत पुरेसा खोल गेलेला असेल तरच जागेवर राहतो. काळ्या मातीसाठी आपल्याकडे तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब वापरतात, तेही मातीच्या याच ओढीला तोंड देण्यासाठी. इथपर्यंत साम्य आहे. फरक असा की आपला मुरूम घरातल्या चुलीने वितळत नाही.

लाँगयिअरब्येनमधली जुनी घरे लाकडी खांबांवर, जमिनीपासून वर उचलून बांधलेली आहेत. घराखालून वारा वाहायला मोकळी जागा सोडलेली असते. घरात वीस-बावीस अंश ऊब असते आणि जोते थेट जमिनीवर टेकले तर ती ऊब दिवसरात्र खाली झिरपत राहते. काही वर्षांत घराच्या मधोमध खाली वितळलेल्या मातीची कढई तयार होते आणि घर तिच्यात बसते. खालून हिवाळ्याचा वारा गेला की तो ही ऊब उडवून नेतो आणि जमीन पुन्हा थंडी भरून घेते. म्हणून तिथे घराखालची ती मोकळी जागा अडगळ ठेवायला वापरायची नसते आणि बर्फाने बुजू द्यायची नसते. गरम पाण्याचे नळही त्याच कारणाने जमिनीवरून, खांबांवर नेलेले दिसतात.

खांब रोवण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. गोठलेल्या जमिनीत खांबापेक्षा जरा रुंद भोक पाडतात, खांब सोडतात आणि भोवतीच्या फटीत पाणी व वाळूचा राडा ओततात. तो गोठला की खांब जमिनीशी एकजीव होतो. घराचे वजन बहुतेक या गोठलेल्या चिकटीवर तोलले जाते, खांबाच्या टोकावर फार थोडे. ही चिकट तापमानाप्रमाणे बदलते. उणे चार अंशांवर ती दणकट असते, उणे एक अंशावर तिचा मोठा भाग गेलेला असतो. जमीन अजून गोठलेलीच आहे, पाण्याचा थेंब सुटलेला नाही, आणि तरी खांब भाराखाली हळूहळू सरकू लागतो. हवामान बदलाने घरांना असलेला धोका बर्फ वितळल्यावर सुरू होतो, हा समज म्हणून चुकीचा आहे. तो कितीतरी आधी सुरू झालेला असतो.

हे ओळखायचे कसे? जमिनीत दहा, वीस, शंभर मीटरची छिद्रे पाडून त्यांत ठरावीक अंतरावर तापमान नोंदवणारे संवेदक लावलेली तार सोडतात आणि वर्षानुवर्षे नोंदी घेतात. या नोंदी वाचताना एक जागा फसवी आहे. उणे पाचवरून उणे दोनपर्यंत जमीन भराभर तापताना दिसते. शून्याच्या जवळ आली की आकडा जणू थबकतो, कारण आता येणारी उष्णता तापमान वाढवण्यात जात नाही, ती बर्फ वितळवण्यात खर्च होते. एक किलो बर्फ वितळवायला जी उष्णता लागते तिच्यात तेवढेच पाणी शून्यावरून ऐंशी अंशांपर्यंत तापेल. म्हणून वर्षामागून वर्ष उणे ०.२, उणे ०.१ असा आकडा स्थिर दिसला तर नवख्या माणसाला बरे वाटते. जाणकाराला माहीत असते की पाया आतून सुटतो आहे.

बियाणे कोठाराची दुरुस्ती याच समजुतीवर झाली. २०१८ च्या सुरुवातीला नॉर्वे सरकारने दहा कोटी क्रोनरची तरतूद जाहीर केली. जुन्या प्रवेश-बोगद्याच्या जागी पाणी न शिरणारा काँक्रीटचा बोगदा बांधला. उतारावरून येणारे पाणी वळवायला चर काढले. बोगद्यात ऊब सोडणारी विजेची यंत्रे बाहेर वेगळ्या इमारतीत हलवली. आणि भोवतीची माती थंड ठेवण्याची सोय केली. काम २०१९ मध्ये संपले. निसर्ग आपोआप थंडी पुरवेल म्हणून निवडलेल्या जागी माणसाला मुद्दाम थंडी पुरवावी लागली.

काळा रस्ता, गरम नळ

रस्त्याला घरासारखी चूल नसते, तरी तो जमीन तापवतोच. काळे डांबर ऊन पिते. त्याहून मोठा त्रास कडेचा. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारतात, तो दोन्ही कडांना ढिगाने साचतो. साचलेला बर्फ गोधडीसारखा असतो, खालच्या जमिनीला हिवाळ्यातली थंडी मिळूच देत नाही. मधला रस्ता उघडा आणि गार, कडा पांघरलेल्या आणि उबदार. काही वर्षांत कडा खचतात आणि रस्त्याच्या लांबीने, कडेपासून थोड्या आत, सरळ भेग पडते. पायथ्याशी पाणी साचत असेल तर हे आणखी वेगाने होते. रस्त्याच्या मधोमध खड्डे शोधणाऱ्याला हा आजार दिसत नाही, कड पाहणाऱ्याला दिसतो.

चीनने तिबेटला नेलेल्या रेल्वेमार्गावर, जो जुलै २००६ मध्ये ल्हासापर्यंत सुरू झाला, साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास भाग पर्माफ्रॉस्टवरून जातो. तिथे भरावात मुद्दाम मोठे दगड पोकळ रचले आहेत. हिवाळ्यात वरची थंड, जड हवा दगडांच्या फटींतून खाली उतरते आणि उबदार हवा वर निघून जाते. उन्हाळ्यात वरची गरम हवा हलकी असल्यामुळे वरच राहते. यंत्र नाही, वीज नाही, भरावच थंडी आत घेतो आणि ऊब बाहेर ठेवतो. जिथे जमीन फारच बेभरवशाची होती तिथे रुळ जमिनीवर टेकवलेच नाहीत. छिंगश्वेइहे इथला पूल जवळपास बारा किलोमीटर लांब आहे, आणि तो बांधायचे मुख्य कारण नदी नसून खालची जमीन आहे.

तेलाच्या नळाची गोष्ट सर्वांत अवघड. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यापासून दक्षिणेच्या बंदरापर्यंत जाणारी १,२८७ किलोमीटरची तेलवाहिनी १९७७ मध्ये सुरू झाली. जमिनीतून निघालेले तेल गरम असते आणि घट्ट होऊ नये म्हणून ते गरमच ठेवावे लागते. असा नळ बर्फाळ मातीत पुरला असता तर त्याने आपल्या लांबीभर चर वितळवला असता, नळ लोंबला असता आणि फुटला असता. म्हणून निम्म्याहून जास्त लांबी, सुमारे पावणेसातशे किलोमीटर, हवेत उचलली. त्यासाठी ७८ हजार खांब रोवले. त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात अमोनिया भरलेल्या बंद नळ्या आहेत. हिवाळ्यात जमिनीच्या तुलनेत हवा थंड असते. तळाचा द्रव अमोनिया जमिनीची ऊब घेऊन वाफ होतो, वर जातो, वरच्या पंख्यांसारख्या पात्यांपाशी थंड होऊन पुन्हा द्रव होतो आणि खाली उतरतो. उन्हाळ्यात हवा उबदार असल्यामुळे वाफ वर जाऊन थंडच होत नाही, चक्र आपोआप थांबते. ऊब फक्त बाहेर जाते, आत येत नाही.

या युक्तीची मर्यादा तिच्यातच आहे. ती हिवाळ्याच्या थंडीवर चालते आणि आर्क्टिकचे हिवाळे सौम्य होत चालले आहेत. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापले आहे. फेअरबँक्सच्या उत्तरेला एका उतारावर जमीन सरकून तेलवाहिनीचे खांब कलले, तेव्हा २०२१ मध्ये तिथे अशा सुमारे शंभर नव्या थंडनळ्या बसवायचे ठरले. आधी खांब वाचवायला नळ्या होत्या, आता उतार वाचवायला लागल्या.

नोरिल्स्कची टाकी

२९ मे २०२० रोजी रशियाच्या नोरिल्स्क शहरात एका वीज केंद्राच्या डिझेल टाकीचा तळ फाटला. एकवीस हजार टन डिझेल बाहेर आले, त्यातले पंधरा हजार टन नदी-ओढ्यांत गेले. पाणी गडद लाल झाले, ते उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसले. टाकीची मालकी असलेल्या खाणकंपनीने पर्माफ्रॉस्ट वितळल्यामुळे खांब बसल्याचे सांगितले. रशियाच्या सरकारी तांत्रिक निरीक्षण यंत्रणेने चौकशीत आराखड्यातल्या, बांधकामातल्या आणि देखरेखीतल्या चुकांवर बोट ठेवले. न्यायालयाने २०२१ मध्ये सुमारे १४६ अब्ज रुबलची भरपाई लावली.

एका बाजूने जमिनीकडे, दुसरीने माणसांच्या चुकांकडे बोट दाखवले, पण हा वाद तसा पोकळ आहे. पर्माफ्रॉस्टवरच्या टाकीच्या आराखड्यात जमीन गोठलेली राहील हे गृहीतक असतेच. ते खरे राहते आहे की नाही हे तपासत राहणे हाही त्याच आराखड्याचा भाग. टाकीखाली तापमानाच्या नोंदी घेणारे छिद्र नसेल, खांबांची पातळी दर हंगामात मोजली जात नसेल, तर हवामानाला दोष देणे सोपे, पण अर्धेच खरे. जमीन एका रात्रीत सुटत नाही. ती वर्षानुवर्षे सांगत असते, ऐकणारे ठेवावे लागतात.

२०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा अंदाज असा की आर्क्टिकमधली सुमारे ७० टक्के बांधकामे २०५० पर्यंत अशा भागांत येतील जिथे वरची गोठलेली जमीन वितळण्याची शक्यता मोठी आहे. याचा अर्थ ७० टक्के बांधकामे पडतील असा नाही. खडकावरची बहुतेक टिकतील, बर्फाळ गाळावरची नाहीत. प्रत्येक इमारतीखाली छिद्र पाडून पाहिल्याशिवाय कोण कुठल्या गटात हे कळत नाही.

गोव्याहून ध्रुवाकडे, ध्रुवाहून सिक्कीमकडे

या सगळ्याशी आपला संबंध बियाण्यापुरता नाही. भारताचे आर्क्टिक संशोधन वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालते. या केंद्राचे 'हिमाद्री' हे ठाणे १ जुलै २००८ रोजी स्वालबार्डच्याच न्यू-ओलसुंड या जुन्या कोळसा-खाणीच्या गावात सुरू झाले. डिसेंबर २०२३ पासून तिथे हिवाळ्यातही भारतीय शास्त्रज्ञ राहू लागले. गावाजवळ बायेल्वा इथे जर्मन शास्त्रज्ञ १९९८ पासून जमिनीचे तापमान सतत मोजत आहेत आणि तिथली गोठलेली जमीन शून्याच्या फार खाली नाही. पैशांच्या बाजूने पाहिले तर २०१६ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या भारत पेट्रोलियमच्या उपकंपनीने इतर दोन भारतीय तेल कंपन्यांबरोबर पूर्व सैबेरियातल्या तास-युर्याख आणि उत्तर सैबेरियातल्या वांकोर या तेलक्षेत्रांत हिस्सा घेतला. दोन्ही पर्माफ्रॉस्टच्या मुलखात आहेत.

पण सर्वांत जवळचा धडा सिक्कीममध्ये मिळाला. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री पाच हजार मीटरहून उंच असलेल्या दक्षिण ल्होनाक हिमसरोवराच्या काठचा गोठलेला मोरेन, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा बांध, सरोवरात कोसळला. नंतरच्या अभ्यासात तो सुमारे दीड कोटी घनमीटर भरला. लाट उसळली, सरोवर फुटले आणि काही तासांत चुंगथांग इथले १,२०० मेगावॅटच्या तीस्ता-३ प्रकल्पाचे धरण वाहून गेले. तो मोरेन एकत्र धरून ठेवणारा बर्फ कमजोर होत होता. सरोवर वाढते आहे हे माहीत होते. काठ आतून कसा आहे, याची नोंद घेणारे छिद्र त्याच्यात नव्हते.

हिमालयात आज उंचावर रस्ते, बोगदे आणि जलविद्युत प्रकल्प आखले जात आहेत. त्यांच्या अहवालांत खडकाचा प्रकार, भूकंपाचा धोका, पुराची पातळी यांची पाने भरलेली असतात. साडेचार-पाच हजार मीटरच्या वर किंवा अशा उतारांच्या खाली येणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाच्या अहवालात जमिनीच्या तापमानाचे निदान काही वर्षांचे मोजमाप असलेच पाहिजे, आणि बांधकाम झाल्यावरही ते मोजमाप थांबता कामा नये. एका छिद्राचा आणि त्यातल्या संवेदकांच्या तारेचा खर्च कोणत्याही धरणाच्या हिशेबात दिसणारही नाही एवढा किरकोळ असतो.